पेपर क्लिअर म्हणजे नेमकं काय?

घाटकोपरच्या दलालापासून बोरिवलीच्या गॅरेजवाल्यापर्यंत जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हेच सांगतो: ‘सगळे पेपर क्लिअर आहेत.’ घेणारा मान हलवतो आणि पैसे मोजतो. आरसी, पासिंग आणि पीयूसी हे तिन्ही कागद त्याला एकच गोष्ट सांगतात असं वाटतं, ती म्हणजे गाडी चांगली आहे. खरं तर तिघांपैकी एकही कागद हे सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुलुंडच्या एका भाजी व्यापाऱ्याने घाटकोपरच्या माणसाकडून टेम्पो घेतला. नंबर एमएच-02, म्हणजे पहिली नोंदणी अंधेरीची, जून 2017 ची. आरसीवर नाव अंधेरीच्या पहिल्या मालकाचं आहे, कारण मधल्या माणसाने तो स्वतःच्या नावावर करूनच घेतला नाही. आता हा टेम्पो कोणाचा? पैसे दिले व्यापाऱ्याने, चावी त्याच्या खिशात, पण मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक तोच ज्याच्या नावावर नोंद आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. त्या खटल्यातली गाडी मूळ मालकाने विकली होती, पुढे ती आणखी हातांत फिरली आणि मग अपघात झाला. नोंद बदललेली नव्हती, म्हणून भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या नावावर आली. अंधेरीचा तो पहिला मालक आज निर्धास्त झोपत असेल, तर त्याने आधी फॉर्म 29 आणि 30 भरले गेलेत का, हे पाहावं.

आरसी एवढंच सिद्ध करते की या चॅसिस नंबरची, या इंजिन नंबरची गाडी सरकारी नोंदीत अमुक माणसाच्या नावावर आहे, आणि तिच्यावर बँकेचा बोजा आहे की नाही. म्हणून ती वाचायची असते गाडीशेजारी उभं राहून. चॅसिसवर ठोकलेला नंबर एकेक अंक जुळवायचा. त्या अंकांभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या, तर सौदा तिथेच थांबवायचा. ब्रेक लागतात का, हे आरसीला माहीत नसतं.

ते पासिंगला माहीत असतं, पण एका दिवसापुरतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, वायपर, हॉर्न, सायलेन्सर आणि रिफ्लेक्टरची पट्टी हे सगळं तपासून फिटनेस प्रमाणपत्र मिळतं. कागदावर पुढच्या वर्षाची तारीख असते, तपासणी मात्र त्या एका सकाळची असते. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर बसवायचे आणि संध्याकाळी काढून घ्यायचे, ही चलाखी ज्यांनी केली, त्यांच्याही कागदावर तारीख तीच छापली जाते.

या कागदाची एक ताकद मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. कायद्याचं कलम 56 म्हणतं की वाहतुकीच्या गाडीकडे चालू फिटनेस नसेल, तर तिची नोंदणीच वैध मानली जाणार नाही. आपल्या टेम्पोचं पासिंग समजा 10 जूनला संपलं. पीयूसी डिसेंबरपर्यंत चालू आहे आणि आरसीचं कार्डही खिशात आहे. तरी 11 जूनच्या पहाटे तो वाशीच्या बाजारात निघाला, तर कायद्यापुढे तो नोंदणी नसलेल्या गाडीसारखाच आहे. म्हणून पिवळ्या पाटीची गाडी घेताना पहिली तारीख पाहायची ती पासिंगची.

आणि पासिंग असलं तरी ते गाडीचं असतं, चालवणाऱ्याचं नव्हे. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर 332 क्रमांकाची बेस्टची बस माणसांना आणि गाड्यांना चिरडत गेली. बस भाडेतत्त्वावरची, विजेवर चालणारी आणि जेमतेम काही महिन्यांची होती. विजेच्या गाडीला पीयूसी लागतच नाही. तपासणीत ब्रेक चालू असल्याचं आढळलं. प्रश्न उभा राहिला तो चालकाला अशी बस चालवण्याचं पुरेसं प्रशिक्षण दिलं होतं का, हा. गाडीच्या कोणत्याही कागदावर या प्रश्नासाठी रकाना नाही. तो ठेकेदाराला आणि बेस्टला विचारावा लागतो, आणि माणसं मरण्याआधी विचारावा लागतो.

राहिली पीयूसी. पेट्रोल पंपाशेजारच्या केंद्रात गाडी उभी असते, इंजिन जागेवर चालू असतं आणि सायलेन्सरमध्ये नळी घालतात. बीएस-4 पासूनच्या पेट्रोल मोटारीत कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत हवा आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. बस्स. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत, आणि फुफ्फुसात उतरणारे सूक्ष्म कणही मोजत नाहीत. भरलेला टेम्पो जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा चढ चढताना काय सोडतो, हे उभ्या गाडीच्या चाचणीतून कळत नाही. नळी अर्धवट घातली किंवा सायलेन्सरला भोक असलं, तर बाहेरची हवा मिसळून आकडा खाली येतो. म्हणून प्रमाणपत्राची तारीख पाहून थांबू नका, त्यावर छापलेले आकडे वाचा. मागच्या खेपेला मर्यादेजवळ असलेला आकडा काहीही दुरुस्ती न करता एकदम जवळजवळ शून्यावर आला असेल, तर गाडी सुधारलेली नाही, चाचणी बिघडलेली आहे.

मला सर्वांत जास्त खुपतं ते पांढऱ्या पाटीचं. आपल्या खासगी मोटारीची माहिती मोबाइलवर उघडली, की फिटनेसची तारीख थेट पंधरा वर्षांनंतरची दिसते. कोणाला वाटेल, कोणीतरी तपासून ही मुदत दिली असेल. तसं काही झालेलं नसतं. नवी गाडी नोंदवली त्या दिवसापासून पंधरा वर्षं आरटीओतलं कोणीही तिचा ब्रेक दाबून पाहत नाही. नूतनीकरणाची वेळ आली, म्हणजे पहिली तपासणी, आणि मग दर पाच वर्षांनी पुढची. अंधेरीतला रिक्षावाला तेवढ्या काळात दहा-बारा वेळा पासिंगच्या रांगेत उभा राहून दिवसाचा धंदा बुडवतो. त्याच सिग्नलला शेजारी उभी असलेली चौदा वर्षांची मोटार एकदाही रांगेत उभी राहत नाही, आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रिक्षाच्या दुप्पट वेगाने धावते.

हे चुकीचं आहे. खासगी गाडीचीही आठव्या वर्षी आणि त्यानंतर ठरावीक काळाने ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरची सक्तीची तपासणी हवी. केंद्राने नियम बदलावा आणि राज्याच्या परिवहन विभागाने त्यासाठी पाठपुरावा करावा. तोवर, तुमची पांढऱ्या पाटीची गाडी आठ वर्षांहून जुनी असेल, तर या महिन्यात ती गॅरेजमध्ये उचलून चारही चाकांचे ब्रेक उघडून बघा. ते सरकारने तुमच्यासाठी तपासलेले नाहीत.