कोल्हापुरी चप्पल आणि विशेषणांची मिरवणूक
ऑनलाइन बाजारपेठेत कोल्हापुरी चपलेचे शीर्षक, म्हणजे छायाचित्राखाली येणारे वस्तूचे नाव, बहुधा ‘अस्सल राजेशाही पारंपरिक अप्रतिम हस्तनिर्मित’ अशा विशेषणांच्या मिरवणुकीने सुरू होते आणि मोबाईलच्या पडद्यावर ते अर्ध्यातच तुटत असल्याने ‘चप्पल’ हा शब्द ग्राहकाला दिसतच नाही. शिवाय ‘अप्रतिम’ असे टाइप करून पादत्राण शोधणारा ग्राहक अद्याप जन्माला यायचा आहे. ‘कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी, चामडी, तपकिरी, माप 8’ एवढे लिहिले, तरी शोधाचे शब्द आरंभीच येतात. शीर्षकाखालील ठळक मुद्द्यांत, म्हणजे टिंब देऊन लिहिलेल्या छोट्या ओळींत, पहिला मान इतिहासाला मिळतो, पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये कुठेच नसते, आणि मग घट्ट झालेली जोडी परंपरेसह परत येते. वास्तविक पहिली ओळ मापाची, दुसरी तळ व पट्ट्यांच्या चामड्याची आणि तिसरी चप्पल पाण्यात भिजवू नये हे सांगणारी हवी. 2019 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तूचे नाव ठरावीक प्रदेशाशी जोडणारी कायदेशीर नोंद, चौथ्या ओळीतही शोभते, अर्थात चप्पल त्या प्रदेशातली असेल तर. रेक्झिनच्या जोडीला ‘अस्सल चामडे’ म्हणणे हे लेखनकौशल्य नसून फसवणूक आहे.