साडेसाती आणि साडेतीन इंचांचा उंबरठा

शनिशिंगणापुरात भाड्याने राहायला आल्यापासून माझा नैतिक दर्जा फारच वाढला होता. गावातल्या घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण पुण्याच्या नातेवाइकांशी बोलताना मी ते असं सांगायचो, की जणू माझ्या सचोटीकडे पाहूनच ग्रामस्थांनी दारं काढून टाकली असावीत. ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतंच,’ हे माझं पेटंट वाक्य.

शनी अमावास्येला तेच नातेवाईक मुक्कामाला आले. देवाला तेल वाहून उरलेलं अंगावर घेऊन परतले आणि एकेक करून आंघोळीला बसले. तेल, साबण आणि केस यांची नहाणी ट्रॅपमध्ये जी दाट मैत्री जमली, तिला चुलीवर आटवलेल्या रबडीचीच उपमा शोभेल. त्यात दुपारी पाणी गेलं. कुणीतरी नळ उघडून पाहिला आणि तसाच सोडला. रात्री आम्ही सगळे पुन्हा दर्शनाच्या रांगेत असताना पाणी आलं. निचरा बंद, नळ चालू, आणि बाथरूमला दाराऐवजी पडदा. पाणी रीतसर पडदा बाजूला सारून मधल्या खोलीत आलं आणि तिथून खाली उतरलं.

खाली राहतात घरमालकांचे चुलतभाऊ. घर एकच, स्लॅब एकच, पण वाटणीत वरचा मजला यांचा आणि खालचा त्यांचा. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद आहे. त्यामुळे खालचं छत भिजल्याचं मालकांच्या कानावर घालणं म्हणजे साधा निरोप नव्हता, ती वाटाघाट होती.

त्यासाठी मी एक पत्र लिहिलं. ‘मान्यवर महोदय, आपल्या मालकीच्या वास्तूच्या अधोभागी’ अशी त्याची सुरुवात होती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सुद्धा त्यात घातलं. भाडेकरूच्या चुकीने झालेला दोष, मालकाने नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत भाडेकरूने दुरुस्त करून द्यावा, असं ते सांगतं. म्हणजे कायदा मीच माझ्यावर चालवून दाखवत होतो. मालक चष्मा लावून पहिली ओळ वाचून म्हणाले, ‘‘गुरुजी, कोण वारलं?’’

मग साध्या भाषेत सांगितलं. ‘‘अण्णा, माझ्या बाथरूमचं पाणी उतू जाऊन खालच्यांचं पीओपी फुगलंय. खर्चात मी वाटा उचलतो.’’

अण्णांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी दिवाळीतही पाहिला नव्हता. ‘‘त्याचं छत गळतंय? गळू द्या की!’’

इथे थोडं विषयांतर करतो. मला ते आवरत नाही. या गावाचा देवच मुळी छप्पर नको म्हणणारा. गावची कथा अशी, की पुरात वाहत आलेल्या शिळेला गुराख्याने काठी टोचली आणि तिच्यातून रक्त आलं. मग देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, ‘मला देऊळ नको, आभाळ हेच माझं छत.’ काय दूरदृष्टी! ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याच्याकडे वरचा भाडेकरू नसतो. त्याला पीओपी नाही, पुट्टी नाही, चुलतभाऊ नाही. देवाने दारांबरोबर छपरंही वर्ज्य केली असती, तर गावातली निम्मी भाऊबंदकी मिटली असती. आणि योगायोग बघा: खालच्या घरीही फुगलेल्या छताला काठीच टोचावी लागली. फुगा तसाच राहिला तर पाण्याच्या वजनाने पूर्ण पट्टी कोसळते. म्हणून आधी मेन स्विच बंद, कारण पीओपीत दिवे असतात. मग खाली परात ठेवून मधोमध छोटं भोक. रक्त नाही आलं; खोबरेल शाम्पूचा वास आला.

काठी टोचायला गेलो तेव्हाच दिसलं, की त्या खोलीत खालच्या घरातल्या आजींची खाट नाही. पाणी टपकायला लागल्यापासून आजी ओट्यावर झोपत होत्या. थंडीत. ‘‘पाहुणे होते ना तुमच्याकडं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कशाला वर येऊन घोर लावायचा?’’ दार नसलेल्या घरातून जिना चढून मला हाक मारणं किती सोपं होतं! आणि जिना उतरून खालची विचारपूस करणं मलाही तितकंच सोपं होतं. मला तेव्हा भयंकर राग आला. आजींचा नव्हे, त्या सभ्यतेचा, जिच्यापायी म्हातारं माणूस ओट्यावर कुडकुडतं आणि भाडेकरू डिपॉझिटच्या भीतीने फरशी पुसून गप्प बसतो.

तर पुन्हा अण्णांकडे. त्यांचा पहिला मुद्दा, ‘‘ही ओल जुनी असंल, त्याच्याच पाइपाची.’’ म्हणून शहानिशा केली. ट्रॅप साफ करून त्यात कापडाचा बोळा कोंबला, उंबरठ्याच्या आत राहील एवढंच पाणी निळीने रंगवून दिवसभर उभं ठेवलं, कडेला खडूची खूण केली. पाणी खुणेवरून हललं नाही, खाली निळा ठिपकाही आला नाही. शिवाय डाग बाथरूमखाली नव्हताच. मधल्या खोलीखाली होता. बाथरूमच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग असतं, खोलीखाली नसतं. गळती असती तर डाग रोज वाढला असता. उतू गेलेलं पाणी एकदाच येतं आणि डाग कडेने सुकत जातो.

पण मग पाणी उंबरठा ओलांडून गेलंच कसं? कारण अण्णांनी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून घेतली होती. बाथरूमची जमीन वर आली आणि उंबरठा जेमतेम अर्धा इंच उरला. अण्णांनी स्वतः पट्टी लावून पाहिलं आणि पहिल्यांदा गप्प झाले. मी तेवढ्यात शेवटचा बाण सोडला, ‘‘त्यांचं छत ओलं राहिलं तर आतली सळई गंजणार. आणि त्यांचं छत म्हणजे तुमचीच जमीन.’’

बांध वाटून घेता येतो, स्लॅब नाही, हे त्यांना पटलं.

हिशेब कागदावर मांडला. पीओपीचा भिजलेला तुकडा कापून जाळीसह नवा बसवणं आणि त्यावर पुट्टी: 2,700 रुपये, सगळे माझे, कारण ते माझ्या नळाने घडवलं. ठिगळ दिसू नये म्हणून पूर्ण छताला रंग: 2,100. पण रंग तसाही जुना झाला होता, म्हणून त्यातले निम्मे माझे, निम्मे खालच्यांचे. उंबरठा उंच करणं: 1,500, अण्णांचे. डिपॉझिटला हात लावायचा नाही, हेही त्यात लिहिलं. कागदावर तिघांच्या सह्या झाल्या, आणि दोन्ही चुलतभावांची एकमेकांशेजारी झालेली ती बऱ्याच काळातली पहिली सही.

गवंड्याला मात्र थांबवून ठेवलं. स्लॅब सुकायच्या आत पुट्टी लावली, तर ती पापुद्रे धरून पडते. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने स्लॅबला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. आतून दव धरलं, म्हणजे ओल बाकी. दव धरेनासं झालं, तेव्हाच काम सुरू केलं.

आता उंबरठा साडेतीन इंच आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला ठेचकाळतो आणि मी त्याला ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतंच’ हे वाक्य ऐकवत नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना एवढंच सांगणं: पाणी उतू गेलं तर फरशी पुसायच्या आधी जिना उतरा, आणि मालकाला पत्र लिहायचंच असेल, तर त्यात कोणी वारल्यासारखं वाटू देऊ नका.