शुभेच्छुक : अण्णाकाका आणि समस्त परिवार

प्रत्येक खानदानात एक माणूस असा असतो, की त्याच्या सहीशिवाय कुणाचं अभिनंदन पूर्ण होत नाही. यश कुणीही मिळवावं, ते जाहीर करायचं खातं मात्र याच्याकडे. आमच्याकडे हे खातं अण्णाकाकांकडे आहे. सांगलीतल्या एका बँकेत हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासून त्यांनी ते पूर्णवेळ सांभाळलंय. दहावीला फर्स्ट क्लास, रांगोळी स्पर्धेत उत्तेजनार्थ, मुतखडा न कापता पडणे, यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कपाटात शालींचा स्टॉक असतो. त्यातल्या तपकिरी शालीच्या काठाला हळदीचा डाग आहे. ती आजवर आमच्या घरातल्या निम्म्या लोकांच्या खांद्यावरून फिरून पुन्हा कपाटात आली आहे. शाल घरी नेण्यासाठी नसते, फोटोसाठी असते, हा अलिखित नियम सगळे पाळतात.

तर आमची चिंगी जर्मनीत एम.एस्सी. झाली. विषय ऑटोमोटिव्ह. चिंगी म्हणजे धाकट्या काकांची मुलगी. गावाकडच्या लग्नात ट्रॅक्टरखाली शिरून ग्रीस फासून यायची, तेव्हापासूनच लक्षण स्पष्ट होतं. 2023 च्या ऑक्टोबरात ती केम्निट्झला गेली, तेव्हा अण्णांनी नकाशात ते गाव शोधलं आणि त्याचं नाव 1953 पासून 1990 पर्यंत 'कार्ल मार्क्स श्टाट' होतं हे वाचून चष्मा काढून पुसला. बँकेत ते युनियनच्या विरोधातल्या पॅनलचे होते.

पण अण्णांच्या मनात जर्मनीबद्दल खरा आदर निर्माण झाला तो ब्लॉक्ड अकाउंटमुळे. तेव्हाच्या नियमाने व्हिसाआधी वर्षभराच्या खर्चाचे 11,208 युरो एका खात्यात अडकवून ठेवायचे, आणि तिथे पोचल्यावर तेच पैसे महिन्याला 934 युरो याप्रमाणे परत मिळणार. लोकांच्या मुदत ठेवी मुदतीआधी मोडून देण्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून मोठी संस्कृती कुठली? "स्वतःचेच पैसे, पण हप्त्याने! याला म्हणतात राष्ट्र," असं ते भाजीवाल्यालाही सांगत. एज्युकेशन लोनला चिंगीच्या वडिलांबरोबर सही करायला दुसरं कोण पुढे येणार याची चर्चा चालू असताना हा माणूस पेन काढून बसला होता, हेही इथेच सांगून टाकतो. कारण ते स्वतः कधी सांगत नाहीत.

रिझल्ट आला त्या रात्री चिंगीने ग्रुपवर एवढंच टाकलं : 'झाले एकदाची पास! 1.6.'

दहा मिनिटं ग्रुप शांत. मग काकूंचा प्रश्न आला, 'कितीपैकी?' चिंगीच्या भावाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'पाचपर्यंत असतं.' त्यानंतरची शांतता आणखी लांबली. आत्याने ग्रुपवर न लिहिता थेट फोन लावला आणि म्हणाली, "बाळा, मनाला लावून घेऊ नकोस. परका देश, परकी भाषा. तू धड आहेस ना, बास." चिंगीला वाटलं कुणीतरी गेलं.

अभिनंदनाचा हा असा सुतकी आरंभ अण्णांना सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी चिंगीला रात्री साडेअकराला फोन करून शहानिशा केली, आणि सकाळी ग्रुपवर जाहीर केलं, की जर्मनीत गुण उलटे मोजतात. 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास, 5 म्हणजे नापास. तेव्हा रडणं थांबवावं.

रडणं थांबलं, पण अण्णांचं काम तिथून सुरू झालं. गावातल्या पेपरात 'यशवंत' म्हणून कोपरा असतो. त्यात फोटो, तीन ओळी आणि टक्के द्यावे लागतात. 1.6 छापलं तर आत्याला वाटलं तेच सगळ्या सांगलीला वाटणार. मग टक्के आणायचे कुठून?

इथे अण्णांच्या हाती बव्हेरियन फॉर्म्युला लागला. तिकडची विद्यापीठं आपल्याकडचे गुण त्यांच्या पद्धतीत बसवायला तो वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, जास्तीत जास्त आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. चिंगीचा इथल्या इंजिनिअरिंगचा पॉइंटर होता दहापैकी 8.2, पासिंग 4. दहातून 8.2 गेले, राहिले 1.8. सहाने भागले तर 0.3, तिनाने गुणलं तर 0.9, वर एक. म्हणजे 1.9. या आकड्यावर तिला तिथे प्रवेश मिळाला होता. अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हे सगळं मांडलं, ताळा केला, आणि मग तेच गणित उलटं चालवलं. 1.6 मधून एक गेला, राहिले 0.6. तिनाने भागले तर 0.2. इथल्या इंजिनिअरिंगचं पासिंग 40, म्हणून शंभरातून चाळीस गेले साठ, त्याचे 0.2 म्हणजे बारा. शंभरातून बारा गेले, 88 टक्के!

"हे उलटं कुणी करत नाही हो अण्णा," चिंगी फोनवर म्हणाली. "तो फॉर्म्युला एकाच दिशेने चालतो."

"गणित दोन्ही दिशांनी चालतं. रस्ता एकदिशा असतो," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात फुवा आले. फुवा हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या मते पासिंग 35 धरायला हवं. मग पासष्टाचे 0.2 म्हणजे तेरा, आणि टक्के होतात 87. एका टक्क्यासाठी दोघे चहा निवेपर्यंत भांडले. दहावीचं पासिंग मास्टर्सला लावायचं का, या मुद्द्यावर फुवा शेवटी हरले. पण जाता जाता म्हणाले, "बरं 88. पण मार्कशीटवर श्रेणी काय आहे?" श्रेणी होती 'चांगली'. जर्मनीत 1.5 पर्यंत 'फार चांगली' आणि त्यानंतर 2.5 पर्यंत नुसती 'चांगली'. एका दशांशाने 'फार' गेलं होतं. अण्णांनी श्रेणीचा रकाना वगळला. बँकेतल्या सवयीने खाली मात्र बारीक अक्षरात लिहिलं, 'टक्केवारी अंदाजे'.

आता फोटो. अण्णांच्या कल्पनेत फोटो ठरलेला होता : काळा गाउन, चौकोनी टोपी हवेत, मागे खांबांची इमारत. चिंगी म्हणाली, तसलं काही नाही, प्रमाणपत्राचं पाकीट पोस्टाने घरी आलं. अण्णांचा विश्वास बसेना. अमेरिकेतल्या भाच्याला गाउन मिळतो, कोल्हापुरात मिळतो, आणि जर्मनीत नाही? मग तिने इतिहास सांगितला. 1967 साली हँबुर्गमध्ये गाउन घातलेल्या प्राध्यापकांच्या मिरवणुकीपुढे विद्यार्थ्यांनी फलक धरला होता, की या झग्यांखाली हजार वर्षांचा कुबटपणा साठलाय. पुढच्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणचे झगे गेले. हल्ली काही विद्यापीठांनी ते परत आणलेत, पण तिच्या वाट्याला पोस्टमनच आला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फलक तिथेही लावतात!" बाकी इतिहास त्यांच्या डोक्यावरून गेला.

चिंगीने पाकीट हातात धरून मैत्रिणीकडून एक फोटो काढून घेतला होता, तोच पाठवला. जाड जॅकेट, लाल नाक, तोंडभर हसू. आणि मागे, तिच्या कितीतरी पट मोठं, एका दाढीवाल्याचं नुसतं डोकं. खाली धड नाहीच. केम्निट्झच्या मध्यवस्तीत 1971 पासून हे कार्ल मार्क्सचं डोकं उभं आहे. डोकंच सात मीटरच्या वर आणि वजन चाळीस टनांच्या आसपास. गावाचं नाव बदललं, पण डोकं तिथेच राहिलं. अण्णांची झोप उडाली. युनियनवाले जन्मभर ज्याच्या नावाने त्यांना छळत आले, तोच पुतणीच्या अभिनंदनाला येऊन उभा राहिला होता.

चौकातल्या फ्लेक्सवाल्याने दोनशे रुपयांत गाउन चढवून देतो म्हटलं. नमुना म्हणून त्याने चढवलाही. चिंगीचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटावर बसला. त्या रात्री काकू प्रथमच अण्णांवर ओरडल्या : "पोरीने खरं काम केलंय, तिला खोटा झगा कशाला?" अण्णा गप्प बसले. जॅकेटवालाच फोटो जाईल असं ठरलं, फक्त मार्क्स कापून.

रविवारी सकाळी दहाला ऑनलाइन सत्कार ठेवला. म्हणजे चिंगीकडे पहाटेचे साडेपाच. पाटावर स्टँड, स्टँडवर मोबाइल, मोबाइलमध्ये ब्लँकेट गुंडाळलेली चिंगी. अण्णांनी श्रीफळ ठेवलं, आणि भरात येऊन झेंडूचा हार स्टँडला घातला. आजी किंचाळली, "अरे, जित्या माणसाच्या फोटोला हार घालतोस?" हार काढला. मग अण्णांनी तपकिरी शाल पांघरली ती थेट मोबाइलवर, त्यामुळे सत्कारमूर्ती अंधारात गेली. आतून आवाज येत होता, "अण्णा, डाग दिसतोय!" शाल बाजूला झाली तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती. अण्णांनी लिहून आणलेलं भाषण चार पानी होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्यांना वाचता आलं नाही. कागद त्यांनी फुवांकडे दिला. फुवांनी पाठीमागचं गणित वाचायला घेतलं.

बातमी मंगळवारी आली. 88 टक्के बरोबर छापलेत, 'केम्निट्झ'चं 'केमिस्ट' झालंय, आणि उजव्या कडेला एक दाढीचं टोक राहिलंय. ओळखणाऱ्यांनी ओळखलं. शुभेच्छुकांची नावं वयाच्या क्रमाने आहेत. त्यावरून मामांचा राग अजून गेलेला नाही. कात्रण लॅमिनेट करून अण्णांच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकात आहे. बँकेत गेले की पासबुक काढताना ते आपोआप काउंटरवर पडतं.

चिंगे, तुझं मनापासून अभिनंदन. रात्रीच्या शिफ्टमध्ये ट्रे धुऊन सकाळी लॅबला जायचीस हे तू कुणाला सांगितलं नाहीस, पण तुझ्या भावाने सांगितलंय, आणि आम्हाला 1.6 चा अर्थ आता चांगला कळतो. भडंग आणि मेतकूट कुरिअरने निघालंय, आत्याने त्यात बेदाणेही घातलेत. नोकरी शोधायला तिथे अठरा महिन्यांचा परवाना मिळतो असं तू म्हणालीस, तेव्हा सावकाश शोध. फक्त ऑफर लेटर आलं की आधी आम्हाला कळव, अण्णांना दोन दिवसांनी. त्यांचा मजकूर तयार आहे, पगाराचा आकडा तेवढा भरायचा राहिलाय, आणि यंदा ते युरोचे रुपये करणार आहेत.