बिलाच्या रांगेतलं ‘नाही’

मार्टमधल्या बिल काउंटरपाशी चॉकलेटं मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा उंचीवर मांडतात, ती काही जागा उरली म्हणून नव्हे. आईचे दोन्ही हात सामानात अडकलेले, मूल कंटाळलेलं, मागे माणसं ताटकळलेली. या क्षणी ‘नाही’ म्हणणं सगळ्यात जड जातं, हे मांडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत बिलाच्या काउंटरपाशी असला गोडधोड माल ठेवायलाच बंदी केली. आपल्याकडे ही लढाई त्या आईने एकटीनेच लढायची आहे.

समजा, मुलगी तीन वर्षांची आहे. तिने चॉकलेटचं अंडं उचललं, आई ‘नाही’ म्हणाली आणि पोरीने फरशीवर लोळण घेतली. दोन मिनिटं आई ठाम राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, द्या ना, लेकरू आहे!” आईने अंडं दिलं, रडणं थांबलं, रांग पुढे सरकली. सगळे सुटले, पण पोरगी एक गोष्ट नीट शिकली: मागितल्यावर मिळत नाही, दोन मिनिटं लोळल्यावर मिळतं.

दर वेळी दिलं तर मूल लाडावतं, हे आपल्याला कळतं. चारातून एकदा दिलं तर जास्त बिघडतं, हे मात्र कुणी सांगत नाही. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं जाडजूड पुस्तकच काढलं. टोच मारल्यावर कधी दाणा मिळे, कधी नाही, अशी सवय लागलेली कबुतरं दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचा मारत राहात. तीन वर्षांच्या मुलाचंही तेच होतं. गेल्या महिन्यात एकदा मिळालं होतं, एवढ्या आशेवर ते पुढचे कितीतरी शनिवार रडू शकतं.

म्हणून द्यायचं असेल तर पहिल्या मागणीलाच हसत द्या. नाही द्यायचं, तर ते दुकानात शिरण्याआधी, पायरीवरच सांगा: “आज तांदूळ, साबण आणि बिस्किटं. चॉकलेट नाही. साबण तू टोपलीत टाकायचास.” उपाशी किंवा झोपेला आलेल्या मुलाला मुळात नेऊच नका, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

तरीही भोकाड पसरलंच, तर खाली बसा, तिच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य बोला: “तुला हवंय, कळलं मला. आज घ्यायचं नाही.” मग गप्प राहा. साखरेचे तोटे, दातांची कीड, बाबांचा पगार यांतलं काहीही त्या वेळी तिच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलणं चालू आहे म्हणजे सौदा चालू आहे, असं तिला वाटतं. ‘पोलीसकाका येतील’ ही धमकी तर साफ खोटी, आणि उद्या गर्दीत हरवली तर ती पोलिसालाच घाबरेल. हातपाय झाडून लागेल असं दिसलं, तर ट्रॉली कडेला लावा आणि तिला उचलून दाराबाहेर न्या. किंचाळण्याचा भर सहसा सुरुवातीलाच असतो. आवाज उतरून मुसमुसणं सुरू झालं, की जवळ घ्या, पाणी द्या.

इथे बहुतेक जण घरी निघून जातात. ती कंटाळून, घरी जायचं म्हणून रडत असेल, तर निघून जाणं हेच तिचं बक्षीस ठरतं. तेव्हा शांत झाल्यावर आत परत या आणि बिल करूनच निघा.

पहिल्या काही खेपांना रडणं कमी न होता वाढूही शकतं. नेहमीच्या आवाजात भागत नाही म्हणून मूल आवाज चढवतं. ‘उपाय उलटला’ म्हणून आईबाप नेमकी इथेच माघार घेतात, आणि पुढच्या वेळी मूल त्या चढ्या आवाजातच सुरुवात करतं. आई ठाम आणि आजोबा खिशातून गोळी काढणारे, अशा घरातही ‘कधी मिळतं, कधी नाही’ हेच होतं. आजोबांशी हे बोलणं घरी, मुलगी झोपल्यावर करावं, काउंटरवर नव्हे.

पाच वर्षांनंतरही असे झटके रोज येत असतील, अर्धा-अर्धा तास चालत असतील किंवा मूल स्वतःचं डोकं आपटून घेत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते हट्टाचं काम नाही.

आणि रांगेत मागे उभे असलेल्यांनो, त्या बाईकडे रोखून बघू नका, पोरीला चुचकारू नका, स्वतःच्या पिशवीतलं चॉकलेट तर मुळीच पुढे करू नका. तिची टोपली उचलून सामान काउंटरवर मांडायला लागा.