मंगळवार-गुरुवारचा माणूस

मंगळवारी किंवा गुरुवारी रात्री साडेआठला आमच्या ऑडिटरला फोन केला, तर तो उचलत नाही. ‘बसलोय’ एवढाच मेसेज येतो. नवख्या माणसाचा गैरसमज होतो. ऑडिटर निर्व्यसनी आहे. तो डेटिंग ॲपवर बसलेला असतो, तोही डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर, ताठ, समोर लांब वही उघडून. लोळत ॲप उघडायचं नाही हा त्याचा पहिला नियम. पलंगावर पडल्यावर पंचवीस मिनिटांचा दीड तास कधी होतो ते कळत नाही, असं त्याचं निरीक्षण आहे. पुण्यातल्या एका कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण करणाऱ्या, चौतिशीतल्या अविवाहित माणसाचं निरीक्षण सहसा चुकत नाही.

पूर्वी तो असा नव्हता. चहाला उकळी फुटेपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत, कर्वे रोडच्या सिग्नलला, जिथे सापडेल तिथे तो अंगठा चालवायचा. एका वेळी दहा-अकरा जणींशी बोलणं चालू. त्यातल्या एकीला त्याने ‘तुझा कुत्रा कसा आहे?’ असं मोठ्या जिव्हाळ्याने विचारलं. तिच्याकडे कुत्रा नव्हता. दुसरीला हरिश्चंद्रगडावर वाट चुकल्याचा किस्सा त्याने इतक्यांदा सांगितला, की शेवटी तिनेच पुढची वाट सांगितली.

आम्हाला वाटायचं, नकार पचवून पचवून बिचारा थकला असेल. तसं नव्हतं. नकाराला तो सरावलेला होता. ऑडिटरला ऑफिसात तरी कोण हो म्हणतं? त्याला थकवलं सुरुवातीने. काय करतेस, कुठे राहतेस, वीकेंडला काय, ट्रेक आवडतो का. हे सगळं आठवड्यातून चार वेळा, चेहऱ्यावर तेच कुतूहल आणून. मग फोटो न बघताच अंगठा डावीकडे जायला लागला. मेसेज कॉपी-पेस्ट व्हायला लागले. आणि एका शनिवारी ठरलेली भेट समोरच्या बाईने रद्द केली, तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने घरी येऊन पिठलं केलं. ‘भेट रद्द झाल्याचा आनंद झाला की समजायचं, हिशेब बुडीत गेलाय,’ हे त्याचं निदान. मला ते अजूनही पटतं.

मग त्याने वेळापत्रक आखलं. आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये वाराप्रमाणे वेगवेगळी मर्यादा घालता येते. मंगळवार-गुरुवार पंचवीस मिनिटं, बाकीचे दिवस एक मिनिट. पण वेळ संपली की फोन नुसता आडवा येतो आणि खाली ‘दुर्लक्ष करा’ची सोय ठेवतो. कुंपण घालून शेजारी फाटक ठेवावं, तशातला प्रकार. फाटकाला कुलूप म्हणून पासकोड असतो. तो स्वतःला माहीत असून उपयोग नाही, म्हणून ऑडिटरने तो आईकडून टाकून घेतला.

आता पासकोड असला तरी फोन दयाबुद्धीने शेवटचं एक मिनिट देतो. एका गुरुवारी गप्पा ऐन रंगात आलेल्या असताना ते मिनिट सुरू झालं. घाईघाईत याने लिहिलं, ‘एक मिनिट, आईला विचारून येतो.’ आई तेव्हा मालिका बघत होती, जाहिरात लागेपर्यंत उठायला तयार नव्हती. तो परत आला तोवर ती मुलगी जुळलेल्यांच्या यादीतून गेलेली होती. तेव्हापासून वीस मिनिटं झाली की तो निरोपाचं वाक्य लिहितो: ‘आजच्यापुरता थांबतो, गुरुवारी बोलू.’ परतीचा वार सांगून गेलेला माणूस गायब झाला असं कुणी समजत नाही.

दुसरी चोरवाट मध्यरात्रीची. ही मर्यादा रात्री बाराला नव्याने सुरू होते, म्हणजे बुधवारी रात्री बाराला कायद्याने गुरुवार लागतो. हा शोध लागल्यावर ऑडिटर दोन बुधवार जागा राहिला. मग त्याने स्वतःवरच शेरा मारला आणि रात्री दहा ते सकाळी सातचा डाउनटाइम लावला.

खरा पेच बंबलने घातला. तिथे स्त्री-पुरुषाची जोडी जुळली की चोवीस तासांत सहसा बाईने पहिला शब्द टाकायचा आणि पुढच्या चोवीस तासांत पुरुषाने उत्तर द्यायचं, नाहीतर जोडी बाद. मंगळवारचं क्वचित निभायचं. बुधवारी रात्री साडेआठनंतर निरोप आला, तर गुरुवारी साडेआठ मुदतीच्या आत पडतात. पण गुरुवारी पावणेनऊला जोडी जुळली, शुक्रवारी सातला तिने ‘हाय’ केलं, म्हणजे उत्तराची मुदत शनिवारी संध्याकाळी सात. आणि ऑडिटर उगवणार थेट मंगळवारी! पहिल्या महिन्यात गुरुवारच्या बहुतेक जोड्या अशा उन्हात वाळल्या. मग त्याने शनिवारी सकाळची दहा मिनिटं मंजूर केली, मात्र फक्त उत्तरांसाठी. नवीन चेहरे बघायचे नाहीत. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारभारात शहाणपणाचं कलम हेच. नवीन माणसं बघणं आणि असलेल्यांशी बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकत्र केली की पहिलं दुसऱ्याला खातं, कारण उत्तर द्यायला डोकं लागतं आणि अंगठ्याला ते लागत नाही.

एका वेळी तीनच संभाषणं. चौथीशी जुळलं तर आधी तिघींपैकी एकीला नीट निरोप द्यायचा. आणि एखादं संभाषण संपलं, तिने संपवलं असो वा याने, की दोन दिवस सुतक. त्यात नवीन संभाषण सुरू करायचं नाही. ऐकून आम्ही हसलो होतो. पण त्याचा मुद्दा असा की आधीचीवरचा राग पुढचीच्या ‘हाय’वर निघतो. एकीने तीन आठवडे बोलून अचानक मौन धरलं, त्याच रात्री याने नव्या मुलीला पहिलाच प्रश्न विचारला होता, ‘तू उत्तरं देतेस ना?’ तिने दिलं नाही.

दर सहा आठवड्यांनी एक आठवडा रजा. बंबलवर त्यासाठी स्नूझ आहे. एक दिवस, तीन दिवस, आठवडा किंवा बेमुदत. प्रोफाइल झाकलं जातं, जुळलेल्या जोड्या जागेवर राहतात. ॲप काढून टाकण्यापेक्षा हे बरं, कारण काढून टाकणारा परत येताना नवीन फोटो, नवीन ओळख, नवीन उमेद असा सगळा संसार पुन्हा मांडतो. रजेच्या आठवड्यात ऑडिटर पोहायला जातो आणि आईच्या फोनवरच्या विवाहमंडळाच्या ॲपचं परीक्षण करतो. तिथे वेळेची मर्यादा नाही, सुतक नाही. माउली पहाटे पाचपासून स्थळं बघते. ‘हिलाच खरी रजेची गरज आहे,’ तो म्हणतो. ‘तू एक आण, मी कायमची रजा घेते,’ आई म्हणते.

वेळापत्रकाने लग्न जमतं असा त्याचा दावा नाही. त्याच्या प्रोफाइलवर पूर्वीपेक्षा जास्त जणी येतात असंही नाही. फरक एवढाच की भेट रद्द झाली तर आता त्याला वाईट वाटतं, आणि हे तो आम्हाला प्रगती म्हणून सांगतो.

परवा त्याची एकीशी भेट झाली, डेक्कनजवळ, कॉफीवर. तासाभराचीच ठरवलेली, हाही नियम. बाई बँकेत, ॲपचे दिवस सोमवार आणि शुक्रवार, एका वेळी दोनच संभाषणं. याच्यापेक्षा कडक. गप्पा चांगल्या चालल्या होत्या. ऑडिटरने खुर्ची पुढे सरकवली, घसा साफ केला आणि हरिश्चंद्रगडाला हात घातला. तिने पर्समधून छोटी डायरी काढली, पान उलटलं आणि म्हणाली, ‘हे झालंय. अठ्ठावीस तारखेला. दुसरं काही आहे का?’