मंजूर म्हणाले कोण, ते मोजा

97.67 टक्के. 5 जून 2017 रोजी रेमंडच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ठरावाविरुद्ध पडलेल्या मतांचा हा आकडा. बोरी अरबच्या माणसाला रेमंड परकं नाही. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडच्या नावाने डेनिम तयार होतं, आणि त्याच जिल्ह्यात आपण कापूस पिकवतो. पण ज्या कंपनीचं नाव आपण रस्त्याने जाता-येता वाचतो, तिच्या संचालकांनी काय ठरवायला घेतलं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

ठराव मुंबईतल्या जेके हाऊसचा होता. ब्रीच कँडीला कंपनीची ही इमारत नव्याने बांधली गेली होती. तिच्यातले दोन-दोन मजल्यांचे फ्लॅट सिंघानिया कुटुंबातल्या मंडळींना चौरस फुटाला 9,200 रुपये भावाने द्यायचे, असा प्रस्ताव होता. त्याचा आधार म्हणजे 2007 चा करार. त्या भागातला बाजारभाव तेव्हा चौरस फुटाला लाखाच्या वर होता. मतदारांना सल्ला देणाऱ्या आयआयएएस या संस्थेने हिशेब मांडला, की यात कंपनीचं साडेसहाशे कोटींहून अधिक नुकसान आहे.

हा व्यवहार कोणी चोरून बाहेर काढला नाही. तो सभेच्या नोटिशीत ठराव म्हणून आला होता. कायद्याने तो तिथे यावाच लागतो.

नोटीस आली की आपण लाभांशाचा आकडा बघतो आणि ठेवून देतो. तिथेच चुकतं. हिशेब मंजूर करणं, लाभांश, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनिवड, लेखापरीक्षक हे सामान्य विषय. त्यांच्यापुढचे ते विशेष विषय, आणि त्यातल्या प्रत्येकाला शेवटी खुलासा जोडलेला असतो. कंपनी कायद्याचं कलम 102 तो मागतं. व्यवहार कोणाशी, किती रकमेचा, आणि कोणत्या संचालकाचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा त्यात संबंध आहे, हे तिथे लिहावं लागतं. म्हणून नोटीस शेवटून वाचावी. ठराव दोन ओळींचा असतो. खरी गोष्ट खुलाशात असते.

संचालकाची माहितीही तिथेच मिळते. वय, शिक्षण, दुसऱ्या कोणत्या कंपन्यांवर आहे, गेल्या तीन वर्षांत कोणत्या सूचीबद्ध कंपन्यांतून बाहेर पडला, इतर संचालकांशी नातं काय, वर्षभरात मंडळाच्या किती बैठकांना हजर होता. या शेवटच्या रकान्यावर मी सगळ्यात आधी बोट ठेवतो. निम्म्या बैठकांना न आलेला माणूस पुन्हा पाच वर्षांसाठी ‘स्वतंत्र संचालक’ म्हणून मत मागत असेल, तर तो कोणावर लक्ष ठेवणार आहे? प्रत्येक संचालकाला सरकारने दिलेला एक क्रमांकही असतो, आणि कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. एकाच नावाचे दोघे असतील तर गोंधळ त्या क्रमांकाने मिटतो.

आता निकाल. सभा संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत प्रत्येक ठरावाचा निकाल शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की घोषणांमध्ये तो कोणालाही फुकट दिसतो. त्यासाठी शेअर असावा लागत नाही. ‘ठराव बहुमताने संमत’ ही ओळ वाचून थांबू नका. खाली तीन ओळी असतात: प्रवर्तक, सार्वजनिक संस्था म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरे, आणि तुमच्या-आमच्यासारखे बाकीचे.

समजा, कंपनीचे 100 शेअर आहेत. 60 प्रवर्तकांचे, आणि ते सगळे बाजूने पडले. संस्थांकडे 25, त्यातल्या 20 नी मत दिलं: 5 बाजूने, 15 विरुद्ध. बाकीच्यांकडे 15, पण मतं आली दोनच: एक इकडे, एक तिकडे. एकूण 82 पैकी 66 बाजूने, म्हणजे 80 टक्क्यांहून जास्त. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात, तीही अट पुरी झाली. बातमी येते, भागधारकांचा भरघोस पाठिंबा. आता प्रवर्तकांची ओळ झाका. उरलेल्या 22 मतांपैकी 16 विरुद्ध. बाहेरच्या मालकांच्या पडलेल्या मतांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश विरुद्ध गेली, आणि ठराव तरीही संमत झाला. माझ्या मते कंपनीबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न इथेच सापडतो.

रेमंडच्या ठरावात ही ओळ झाकायची गरजच पडली नाही. आपल्याच माणसांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारात संबंधितांनी मतदानापासून दूर राहायचं, असा सेबीचा नियम होता. म्हणून बाहेरच्यांचं मत उघडं दिसलं, आणि ते 97.67 टक्के विरुद्ध होतं. मात्र हा आकडा पडलेल्या मतांपैकी आहे, सगळ्या शेअरपैकी नाही. निकालात ‘किती मतं पडली’ हा वेगळा रकाना असतो. तो वाचल्याशिवाय कोणत्याही टक्केवारीवर विश्वास ठेवू नये, कारण छोटे भागधारक मत द्यायलाच जात नाहीत. घरबसल्या ई-मतदान होतं, तरी जात नाहीत.

मतदानाने सगळं मिटतं, असंही समजू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंघानिया कुटुंबातलेच विजयपत सिंघानिया जेके हाऊसमधल्या आपल्या फ्लॅटसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. निकाल एवढंच सांगतो की मालकांनी त्या दिवशी काय म्हटलं. का म्हटलं, ते त्यात नसतं.

‘का’ हवं असेल तर म्युच्युअल फंडाकडे जा. बोरीतल्या ज्याची महिन्याची एसआयपी कापली जाते, त्याच्या पैशाने फंड मत देतो. ते मत कोणत्या ठरावावर कसं दिलं आणि कोणत्या कारणाने, हे फंडाला दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात सगळीकडे तेच एक ठोकळेबाज वाक्य असेल, तर त्या फंडाने नोटीस वाचली नाही, असं मी धरतो.

आणि आपल्या गावच्या सभा? सहकारी संस्थेच्या आमसभेत अध्यक्ष विषय वाचतात आणि दुसऱ्या क्षणी समोरून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर’. कोण म्हणालं, किती जण म्हणाले, कोणाचा विरोध होता, काही उरत नाही. मला याची चीड येते, कारण इथे गुंतलेला पैसा कोणा मुंबईच्या फंडाचा नाही, आपल्या पीककर्जाचा आणि ठेवीचा आहे. कंपनीसारखी तीन ओळींची फोड इथे मिळत नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 32 नुसार सभासदाला संस्थेच्या कार्यालयात बसून सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि समिती सदस्यांची यादी विनामूल्य बघता येते. फी भरून नक्कलही मागता येते. सप्टेंबरच्या सभेआधी गेल्या वर्षीच्या इतिवृत्ताची नक्कल लेखी अर्जाने मागा, पोच घ्या, आणि सभेत कोणी विरोध केला असेल तर तो त्यात उतरला आहे का, ते बघा. नसेल, तर इतिवृत्त कायम करण्याचा विषय येताच उभं राहून तो नोंदवायला लावा.