नॉमिनी टाकलाय, आता काळजी नाही!

ठेवीवर पाव टक्का जास्त मिळतो म्हणून तीन बँकांचे उंबरे झिजवणारा, दर एप्रिलला टीडीएस टाळायचा फॉर्म न चुकता भरणारा आणि पासबुकात एक रुपया कमी दिसला तरी मॅनेजरच्या केबिनपर्यंत जाणारा मध्यमवर्गीय गृहस्थ महाराष्ट्रात घरोघरी सापडतो. पैसा मिळवणे, वाचवणे आणि वाढवणे या तिन्ही बाबतींत त्याला फसवणे अवघड. मात्र तुमच्यामागे हे सगळे कोणाला, असे विचारले की तो निर्धास्तपणे सांगतो, ‘नॉमिनी टाकलाय.’ एका रकान्यातल्या एका नावावर चाळीस वर्षांची बचत सोडून तो झोपी जातो. हा रकाना त्याने कधी भरला होता, त्या वेळी त्याचे लग्न झाले होते का, आणि ज्याचे नाव लिहिले ती व्यक्ती आज हयात आहे का, याची चौकशी करणे त्याला अशुभ वाटते. आयकराचे विवरणपत्र भरायला मात्र मुहूर्त लागत नाही.

नॉमिनी हा मालक असतो, ही समजूत आपण फार प्रेमाने जपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिला पहिला धक्का १९८३ सालीच दिला. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या विम्याच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की नॉमिनीने कंपनीकडून पैसे घ्यायचे आणि ते खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचे. २०१० साली बँक ठेवींबाबतही हाच निर्वाळा मिळाला. शेअरचे प्रकरण जरा वेगळे होते. तिथे मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नॉमिनीला काही वर्षे मालकपण लाभले होते. पण शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही तोच नियम लावला. थोडक्यात, नॉमिनी हा बँकेच्या सोयीसाठी आहे. त्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी. वारसांनी पुढे काय ते आपसांत बघावे. आणि बघण्याची जागा म्हणजे दिवाणी न्यायालय.

मग खरे वारस कोण? इथे आपल्या गृहस्थाला एक बातमी द्यायला हवी. त्याचे मृत्युपत्र तयार आहे. ते १९५६ सालीच संसदेने हिंदू वारसा कायद्याच्या रूपाने लिहून ठेवले आहे, आणि ज्याने स्वतःचे लिहिले नाही त्याला हे आपोआप लागू होते. त्यात पुरुषाच्या मागे आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा आहे. आता हिशेब मांडून पाहू. समजा, एका गृहस्थाने स्वतःच्या कमाईतून ४० लाख जमवले आहेत. २० लाखांच्या ठेवी आहेत. ते खाते लग्नाआधी उघडलेले, म्हणून नॉमिनी धाकटा भाऊ. १२ लाख म्युच्युअल फंडात, नॉमिनी आई. ८ लाखांचा विमा, नॉमिनी पत्नी. मागे आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी. सगळे काही ‘हिच्यासाठीच’ आहे, असे तो आयुष्यभर म्हणत आला आहे.

तो गेल्यावर बँक २० लाख भावाला देणार आणि त्यात बँकेचे काहीही चुकणार नाही. कायद्याने भाऊ त्यातल्या एका रुपयाचाही मालक नाही, पण पैसे त्याच्या खात्यात आहेत आणि त्याच्याकडे मागायला वहिनीने जायचे आहे. समजा, तो सज्जन निघाला आणि त्याने सगळे दिले. तरी ठेवींचे चार वाटे होणार, पत्नीला ५ लाख. फंडाचेही चार, पत्नीला ३ लाख. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार आणि मुले हे नॉमिनी असतील तर ते ‘लाभार्थी’ धरले जातात, म्हणून ते ८ लाख तिचे. त्या तरतुदीच्या अर्थाबद्दल उच्च न्यायालयांचे अजून एकमत नाही, तेव्हा हेही जरा जपूनच म्हणायचे. एकूण १६ लाख. ४० पैकी १६, आणि तेही सगळे सज्जन निघाले तर! आईच्या वाट्याला आले ८ लाख. पुढे आईही मृत्युपत्राविना गेली तर ते तिच्या मुलांकडे आणि आधीच गेलेल्या मुलाच्या अपत्यांकडे जातील. सुनेचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे ४ लाख नातवंडांना आणि ४ लाख धाकट्या भावाला. लग्नाआधी भरलेल्या रकान्याने भावाला मालक केले नाही, पण न लिहिलेल्या मृत्युपत्राने त्याला वाटा मिळवून दिला. आईला वाटा मिळू नये असे कोणी म्हणत नाही. तो किती असावा आणि घर चालवायला पत्नीच्या हाती काय उरावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या गृहस्थाचा होता. तो त्याने वापरला नाही, एवढेच.

‘पण आमच्यात भांडणे नाहीत,’ हा पहिला आक्षेप. वरच्या उदाहरणात एकाही पात्राने भांडण केलेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. पत्नीचे २४ लाख प्रेमाच्या वातावरणातच गेले. दुसरा आक्षेप म्हणजे मुलांना कळले की सगळे मिळणार आहे, तर ती विचारणार नाहीत. हा गोंधळ मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांच्यातला आहे. बक्षीसपत्राने मालमत्ता आजच हातातून जाते. मृत्युपत्र आपण जिवंत असेपर्यंत निव्वळ कागद असते. हवे तेव्हा फाडावे, हवे तेव्हा नवे करावे. साक्षीदारांनाही आतला मजकूर दाखवावा लागत नाही, त्यांनी फक्त सही होताना पाहायची असते. तिसरा आक्षेप खर्चाचा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक आहे. इतका स्वस्त दस्तऐवज सरकारने दुसरा ठेवलेला नाही, आणि कदाचित म्हणूनच आपला त्यावर विश्वास बसत नसावा.

बायकांच्या बाबतीत तर १९५६ चे हे सरकारी मृत्युपत्र अधिकच विनोदी आहे, फक्त हसू येत नाही. अपत्य आणि पती मागे नसलेली स्त्री मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतः कमावलेला पैसा आधी पतीच्या वारसांकडे जातो. तिचे आईवडील त्यानंतर. नारायणीदेवी नावाची स्त्री १९५५ मध्ये, लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाली आणि सासरहून बाहेर काढली गेली. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत पैसे साठवले आणि १९९६ मध्ये वारली. तिच्या आईने त्या पैशांवर हक्क सांगितला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि पैसे सासरच्यांना दिले, कारण कायद्यात तसेच लिहिले आहे. तिच्या हातचे दोन साक्षीदारांच्या सह्या असलेले चार ओळींचे पत्र असते, तर हा खटला उभाच राहिला नसता.

ते पत्र लिहायचे कसे, तर सरळ मराठीत. आपले नाव, वय, पत्ता. आपण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहोत हे. आणि यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द केली हे एक वाक्य. पुढे कोणाला काय. इथे आपल्या काटेकोर गृहस्थाचा घात त्याचा काटेकोरपणाच करतो. तो एकेका ठेव पावतीचा क्रमांक लिहितो. ठेवीचे नूतनीकरण होते, पावतीचा क्रमांक बदलतो आणि कागदावरची ठेव जगात उरत नाही. त्यापेक्षा ‘माझ्या नावावर मृत्यूसमयी असलेल्या सर्व बँकांतील ठेवी व शिल्लक’ असे लिहावे, आणि शेवटी ‘याखेरीज उरलेली माझी सर्व मालमत्ता’ कोणाला हेही. ज्याला द्यायचे तो आपल्याआधी गेला तर कोणाला, हे लिहायला विसरू नये. अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमावा. प्रत्येक पानावर सही, खाली तारीख, आणि आपली सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर केलेल्या सह्या. साक्षीदार लाभार्थ्यांपैकी नसावेत आणि आपल्याहून तरुण असावेत, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी किमान एकाला न्यायालयात उभे राहावे लागते. सकाळी फिरायला येणारे पंचाहत्तरीचे दोन मित्र या कामाला कितीही हौसेने तयार असले तरी. मूळ प्रत फक्त आपल्याच नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडायला काय हवे हे ज्या कागदात लिहिले आहे तो लॉकरमध्येच, ही व्यवस्था अनेक घरांत अत्यंत सुरक्षित म्हणून ओळखली जाते. मर्यादाही सांगायला हवी: मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, आणि गोव्याच्या कायद्यात मुलाबाळांसाठी अर्धा हिस्सा राखीव असतो.

शेवटचा आक्षेप हुशार लोकांचा असतो: मृत्युपत्रच सर्व ठरवणार असेल, तर नॉमिनी हवाच कशाला? हवा, कारण नॉमिनी नसेल तर बँक वारसांचा पुरावा मागते, बंधपत्रे मागते, रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचा दाखला मागते, आणि तोवर घराचा खर्च थांबत नाही. मृत्युपत्राने मालकी ठरते, नॉमिनेशनने पैसे लवकर हातात येतात; म्हणून दोन्हीकडे एकच नाव असावे, इतके साधे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, टक्केवारी वाटूनही. ते वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण चार नॉमिनी म्हणजे पैसे पोचवणारे चार जण. मृत्युपत्र नसेल तर मालक पुन्हा वारसा कायदाच ठरवणार. भविष्य निर्वाह निधीत तर अविवाहित असताना केलेले नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर आपोआप बाद होते. बँक इतकी दक्ष नसते. तिच्या नोंदीत लग्नाआधीचा भाऊ आमरण नॉमिनी राहतो. तेव्हा पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनेशनची नोंद आहे का ते पाहावे, शाखेत नाव विचारावे आणि बदलायचे असेल तर नवा फॉर्म भरून पोच घ्यावी. ज्यांना संसदेने १९५६ साली केलेली वाटणी मनापासून पसंत आहे, त्यांनी अर्थातच यातले काही करू नये. पण ती निदान एकदा वाचून तरी पसंत करावी.